स्मरणिका १६० पानांवरून २०८ पानांवर गेली, त्या सुधारित दरपत्रकाच्या नोंदी

३ जुलै २०२४

शाळेच्या शताब्दी स्मरणिकेचं काम मिळालं. सातारा जिल्ह्यातली शाळा, स्थापना १९२४. समितीचे सचिव म्हणजे तिथलेच निवृत्त मुख्याध्यापक, मी त्यांना सर म्हणते. समारंभ २७ ऑक्टोबरला आहे. मजकुराची मांडणी, फोटो आणि मुखपृष्ठ माझ्याकडे. छपाईचं सरांनी इथल्याच एका प्रेसशी परस्पर ठरवलं आहे.

आज पाठवलेलं दरपत्रक असं: डेमी १/८ आकार, १६० पानं, मांडणी पानाला ५५ रुपये, म्हणजे ८,८००. फोटो २०, स्कॅन आणि सफाई प्रत्येकी ४० रुपये, म्हणजे ८००. मुखपृष्ठ ३,५००. एकूण १३,१००. दोन प्रुफं यात धरलेली. मुद्रितशोधन समिती करणार. "मजकूर टाइप करून मिळेल" असं सर फोनवर म्हणाले, मी तेच वाक्य जसंच्या तसं दरपत्रकात लिहिलं. छापायची पीडीएफ १० सप्टेंबरपर्यंत द्यायची. ऑक्टोबरमध्ये प्रेसवर दिवाळी अंकांची झुंबड असते, तेव्हा त्याआधी फायली पोचलेल्या बऱ्या.

निम्मी रक्कम, ६,५५०, संध्याकाळी जमा झाली.

२९ जुलै

पेनड्राइव्ह आला, सोबत एक जाड पाकीट.

मजकूर टाइप केलेला आहे, यात खोटं काही नाही. फक्त त्यातला बराचसा जुन्या फॉण्टमध्ये आहे. १९९९ साली शाळेच्या अमृतमहोत्सवाला अंक निघाला होता, त्यातले लेख समितीला पुन्हा घ्यायचे आहेत आणि ते पेजमेकरच्या फायलींत आहेत. नवे काही लेख तालुक्याच्या गावातल्या टंकलेखकाने केलेत, तोही अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टवरच काम करतो. माझ्या मशीनवर फाइल उघडली की "मराठी" या शब्दाच्या जागी `_amR>r` दिसतं. पाकिटात हाताने लिहिलेल्या आठवणी आहेत, आणि फोटो वीस नाहीत, चौऱ्याहत्तर आहेत. वर्षवार माजी विद्यार्थ्यांची यादी, जिचा जुलैत उल्लेखही नव्हता.

जुना मजकूर जुन्याच फॉण्टमध्ये लावून टाकला तर? पैसे वाचतील, पण मग एका पुस्तकात दोन वळणांची अक्षरं दिसतील. शिवाय समितीला शाळेच्या संकेतस्थळावर शोधता येईल अशी पीडीएफ हवी आहे, आणि हे पहिल्या दिवशीच ठरलेलं आहे. जुन्या फॉण्टच्या पीडीएफमध्ये कुणी आपल्या आजोबांचं नाव शोधलं तर काहीही सापडणार नाही, कारण आत नावाऐवजी ती चिन्हंच असतात. म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये, कुठल्याही मशीनवर अक्षर अक्षरच राहतं त्या पद्धतीत, आणणं आलंच.

१ ऑगस्ट

वीस पानं रूपांतरित करून पाहिली. यंत्राला मिनिटं लागतात, खरा वेळ त्यानंतर जातो.

जुन्या फॉण्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती तिथे आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. रफाराचं याच्या उलट. रूपांतर करणारी आज्ञावली ही चिन्हं उचलून योग्य जागी ठेवते, पण जोडाक्षर आलं की गोंधळते. "स्थिती"ची वेलांटी नुसत्या स वर बसते आणि शब्द फुटतो. तरी अशी चूक परवडली, कारण ती पानावर लगेच दिसते.

दिसत नाही ती चूक ऱ्य ची. हा अर्धा र मराठीत वेगळा आहे, आणि आमच्या आज्ञावलीतून तो सरसकट रफार होऊन बाहेर पडतो. "दुसऱ्या" चा "दुसर्या" झाला तर तो वाचताना खटकतो तरी. पण १९९९च्या अंकात एका शिक्षकांनी सहलीवर लिहिलं आहे, "सह्याद्रीच्या दऱ्या पाहून मुलं गप्प झाली." रूपांतरानंतर तिथे "सह्याद्रीच्या दर्या". पुढच्याच परिच्छेदात सहलीला सोबत नेलेल्या आचाऱ्याने खिचडी केली, तर आमच्याकडे ती आचार्याने केली. दर्या आणि आचार्य हे दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी कुठलीही सोय इथे हटकत नाही. वीस पानांत "र्य" शोधून काढले. त्यातले कार्य, सूर्य, धैर्य तसेच ठेवायचे आणि बाकीचे वाक्य वाचून ठरवायचे. ऱ्ह चंही तसंच, तऱ्हा काय आणि गुऱ्हाळ काय.

वेळ लावून पाहिली. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून एक पान तपासायला सरासरी वीस मिनिटं.

तोवर संध्याकाळ झाली आणि लक्षात आलं की हे काम दरपत्रकात नाही, आणि मी सरांना न विचारताच त्याची वीस पानं करून बसले आहे.

३ ऑगस्ट

हात थांबवला आणि आधी मोजणी केली. अंदाजाने "काम खूप वाढलंय" म्हणायचं नाही, पानं मोजून म्हणायचं. सगळा मजकूर ठरलेल्या अक्षरात कच्चा सोडून पाहिला. युनिकोडमधला मजकूर १०४ पानं, जुन्या फॉण्टचा ७०, हस्तलिखित २२, फोटोंची पानं १६ आणि नावांची यादी १२. बेरीज २२४.

डेमी १/८ मध्ये एका फॉर्मची १६ पानं. १६० म्हणजे १० फॉर्म, २२४ म्हणजे बरोबर १४. ही बेरीज २१८ आली असती तरी मी १४ फॉर्मच धरले असते, कारण फॉर्म अर्धवट सोडला तर मागे कोरी पानं राहतात. डेमी कागदात मोजलं तर एका प्रतीच्या एका फॉर्मला एक ताव लागतो. ५०० प्रती आणि चार वाढीव फॉर्म म्हणजे २,००० ताव, चार रिम, वर वाया जाणारा कागद वेगळा. हा खर्च माझा नाही, प्रेसचा आहे. पण समितीला तो माझ्याकडूनच आधी कळायला हवा, नाहीतर माझं दरपत्रक मान्य करून ते प्रेसमध्ये गेल्यावर तिथे दुसरा धक्का बसेल.

४ ऑगस्ट

पहिला मसुदा लिहिला आणि प्रेसमधल्या काकांना वाचून दाखवला. काकांनी खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेली, समित्यांशी त्यांचा व्यवहार चाळीस वर्षांचा. मसुद्याची सुरुवात होती, "आपण दिलेला मजकूर जुन्या एन्कोडिंगमध्ये असल्यामुळे..." आणि रक्कम तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी.

काका म्हणाले, "अगं, आकडा कुठंय? माणूस कारणं वाचतच नाही. आकडा शोधत खाली जातो. तो सापडेपर्यंत त्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय."

दुसरं त्यांनी विचारलं, "हे वाचणार कोण?" मी म्हटलं, सर. "सर एकटे नाहीत गं. सर हे समितीच्या बैठकीत वाचून दाखवणार. तिथे सात माणसं बसलेली असणार, त्यातल्या एकालाही तुझ्याशी काय बोलणं झालंय ते माहीत नाही. सर तुझे वकील आहेत. त्यांच्या हातात कागद दे."

यावर मसुदा फाडला. "एन्कोडिंग" गेलं, त्याच्या जागी आचारी आला. "आपण दिलेला मजकूर" हेही काढलं. जुलैत मी एक प्रश्न विचारला असता, कुठल्या फॉण्टमध्ये टाइप केलंय, तर हे तेव्हाच कळलं असतं. चूक दोघांची आहे आणि तसंच लिहायचं. न विचारता केलेल्या वीस पानांचे पैसे मागायचे नाहीत. नावांच्या यादीला रकाने जुळवायला जास्त वेळ लागतो, एरवी मी पानामागे ६० रुपये वर घेते, म्हणजे ७२० होतात. तेही सोडले. मात्र सोडल्याचं पत्रात नोंदवायचं, नाहीतर पुढच्या वेळी ते फुकटच असतं असं धरलं जातं.

५ ऑगस्ट

सकाळी पाठवलं. व्हॉट्सॲपवर मजकूर आणि तोच एका पानाच्या पीडीएफमध्ये, म्हणजे बैठकीत छापून नेता येईल. सोबत रूपांतराच्या नमुन्याची दोन पानं, चुकांभोवती लाल गोल केलेली. पाठवलेलं पत्र:

> आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.
>
> स्मरणिकेचं काम ठरल्यापेक्षा वाढलं आहे. जमा झालेला सगळा मजकूर घ्यायचा तर माझा खर्च १३,१०० वरून २१,८८० रुपये होईल. पानं कमी केली तर तो १८,७६० पर्यंत खाली आणता येतो. निर्णय समितीचा आहे. तो होईपर्यंत मी फक्त जुन्या दरपत्रकातलं काम चालू ठेवते, वाढीव कामाला हात लावत नाही.
>
> खर्च कशामुळे वाढला ते सांगते. आपण १६० पानं धरली होती, मजकूर २२४ पानांचा भरला. वाढलेल्या ६४ पानांची मांडणी जुन्याच दराने, ५५ रुपयांप्रमाणे, ३,५२० रुपये. फोटो २० धरले होते, ७४ आले. वाढीव ५४ फोटोंचे ४० रुपयांप्रमाणे २,१६०. हस्तलिखित आठवणी २२ पानं भरतील, त्या टाइप करायला पानाला ५० रुपये, म्हणजे १,१००.
>
> चौथी बाब नवी आहे. सत्तर पानांचा मजकूर जुन्या फॉण्टमध्ये आहे. तो संगणक बदलून देतो, पण बदलताना काही अक्षरं चुकतात आणि ती कुणीतरी मूळ प्रतीशी ताडून वाचावीच लागतात. सोबतच्या नमुन्यात पाहावं: सहलीच्या लेखात खिचडी करणाऱ्या आचाऱ्याचा आचार्य झाला आहे. दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणक ही चूक पकडत नाही. एका पानाला साधारण वीस मिनिटं लागतात. त्याचे पानाला ४० रुपये. यातली २० पानं मी आपल्याला न विचारता करून टाकली, ती धरलेली नाहीत. उरलेल्या ५० पानांचे २,०००.
>
> मजकूर कोणत्या फॉण्टमध्ये आहे हे मी जुलैतच विचारायला हवं होतं, ते राहिलं. माजी विद्यार्थ्यांच्या यादीची जुळणी एरवी वेगळी आकारते, ७२० रुपये, ती या वेळी घेत नाही. मुखपृष्ठाचे ३,५०० तेच आहेत. दोन प्रुफंही तीच.
>
> कमी पानांत करायचं तर १९२ पानांत बसेल असं मी मांडून पाहिलं आहे. फोटो ७४ ऐवजी ४०. नावांची यादी तीन रकान्यांत, लहान अक्षरात, १२ ऐवजी ८ पानांत. आणि नव्या लेखांतून सुमारे २० पानं समितीने कमी करायची, कारण कुणाचा लेख कापायचा हे मी ठरवणं योग्य नाही. जुन्या अंकातले लेख आणि हस्तलिखित आठवणी यात सगळ्या राहतात. पानं १६च्या पटीतच वाढवावी वा घटवावी लागतात, मधला आकडा हवा असेल तर तो २०८.
>
> एक गोष्ट माझ्या खर्चातली नाही, पण आधी सांगितलेली बरी. पानं वाढली की प्रेसचा कागद, छपाई आणि बांधणी वाढते. २२४ पानांना ५०० प्रतींसाठी डेमी कागदाचे निदान चार रिम जास्त लागतील. निर्णयाआधी प्रेसकडून तो आकडा जरूर घ्यावा.
>
> वाढीव काम धरून पीडीएफ २५ सप्टेंबरला देऊ शकेन, मात्र १४ ऑगस्टपर्यंत होकार आणि वाढीव रकमेपैकी निम्मी मिळायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर प्रेस दिवाळी अंकांत अडकेल आणि २७ ऑक्टोबर गाठणं माझ्या हातात राहणार नाही.
>
> काही विचारायचं असेल तर केव्हाही फोन करावा. बैठकीच्या वेळी मी फोनपाशी थांबेन.
>
> आपली नम्र

पाठवण्यापूर्वी बेरीज तीनदा केली. १३,१०० अधिक ३,५२०, २,१६०, १,१०० आणि २,०००. अशा पत्रात बेरीज दहा रुपयांनी जरी चुकली तरी बाकीचं सगळं संशयास्पद वाटायला लागतं.

६ ऑगस्ट

सरांचा फोन. पहिलं वाक्य, "ताई, आठ हजार सातशे ऐंशी म्हणजे फारच झालं हो." फरकाचा आकडा मी लिहिला नव्हता, त्यांनी स्वतः काढला. गणिताचे शिक्षक. पुढच्या वेळी फरकही लिहायचा. लपवला असं वाटण्यापेक्षा आपणच सांगितलेला बरा.

रागावले नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती: समितीने वर्गणीदारांना खर्चाचा आकडा आधीच सांगून ठेवलाय. मग म्हणाले, फोटोंना सवलत द्या. मी नाही म्हटलं. दर कमी केला तर जुलैतला दर फुगवलेला होता असं होतं, आणि तो तसा नव्हता. फोटो कमी करा, पैसे आपोआप कमी होतील. यावर थोडं थांबून म्हणाले, "फोटो कमी करायचे तर कुणाचे? अध्यक्षांचेच नऊ आहेत."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

११ ऑगस्ट

रविवार, समितीची बैठक. साडेबाराला फोन आला, स्पीकरवर. एक गृहस्थ मागून म्हणाले, "कॉम्प्युटरच करतो ना सगळं? मग पैसे कसले?" सरांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी नमुन्याचं पान पुढे केलं असावं, कारण मिनिटभर कागद फिरल्याचा आवाज येत होता आणि मग कुणीतरी मोठ्याने वाचलं, "आचार्यांनी कांदा चिरला." हशा पिकला. पैशांचा प्रश्न तिथे पुन्हा निघाला नाही.

ठरलं ते २०८ पानांचं. प्रेसकडून त्यांनी आकडा आणला होता आणि १४ फॉर्म त्यांना झेपत नव्हते. फोटो ५६, त्यांची १२ पानं. यादी ८ पानांत. नवे लेख १०४ वरून ९६ पानांवर आणायचं सरांनी अंगावर घेतलं.

१२ ऑगस्ट

तोंडी ठरलेलं लगेच कागदावर. ४८ वाढीव पानांची मांडणी २,६४०, वाढीव ३६ फोटो १,४४०, हस्तलिखित १,१००, रूपांतर २,०००. जुने १३,१०० धरून एकूण २०,२८०. फरक ७,१८०, हा या वेळी लिहिला. त्याची निम्मी ३,५९० आता, बाकी सगळं पीडीएफ देताना.

खाली एक ओळ वाढवली: २० ऑगस्टनंतर आलेला मजकूर किंवा फोटो वेगळा मोजला जाईल, आणि तो घेण्याआधी मी रक्कम कळवीन. सरांचं उत्तर, "मान्य आहे. कळावे." दुपारी पैसे आले.

माझ्या कोऱ्या दरपत्रकातही बदल केला. "मजकूर टाइप करून मिळेल" ही ओळ काढली. आता तिथे आहे: मजकूर युनिकोडमध्ये मिळेल, काम ठरवण्याआधी सर्व फायलींतलं एकेक पान नमुन्याला पाठवावं. युनिकोड म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण नमुन्याचं पान पाठवायला ते कळावं लागत नाही.

२ सप्टेंबर

रूपांतराची पन्नासही पानं झाली. शेवटची दहा पानं पंधरा मिनिटांत एक अशी झाली, हात बसला. दर तोच ठेवला. पहिल्या पानांना पंचवीस मिनिटं लागली तेव्हा वाढवला नव्हता.

नवे लेख ९७ पानांवर अडकलेत. एक पान कुठून तरी उडवायचंय. एका लेखाच्या शेवटच्या पाच ओळी नव्या पानावर जात होत्या, त्या लेखाच्या शीर्षकाखालची मोकळी जागा कमी केली, बसलं. सरांना सांगितलंसुद्धा नाही.

१४ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीला गावी आलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सरांना गाठलं. यादीत अकरा नावं राहिली होती, शिवाय तीन फोटो "घ्याच" असे. १२ ऑगस्टची ओळ कामाला आली. नावं प्रुफातल्या दुरुस्तीबरोबर विनामूल्य घालीन, फोटोंचे १२० रुपये आणि त्यासाठी कुठले तरी तीन फोटो लहान करावे लागतील, असं लिहून पाठवलं. सरांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं, "नावे घ्यावीत. फोटो नकोत. मी सांगतो त्यांना."

२५ सप्टेंबर

पीडीएफ दिली. मुखपृष्ठ मात्र प्रेसने कागद दाखवेपर्यंत थांबवलं होतं. जुलैत १६० पानांच्या हिशेबाने केलेली पाठ २०८ पानांना पुरली नसती, आणि पाठीवरचं शाळेचं नाव कडेला सरकलं असतं. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेली २०८ पानं म्हणजे कागदाचे १०४ थर, म्हणून त्याच कागदाचे १०४ ताव दाबून मोजले, तेवढी पाठ ठेवली.

बिलात ११ नावांची ओळ घातली, समोर शून्य. उरलेले १०,१४० संध्याकाळपर्यंत आले. प्रुफाच्या शेवटच्या प्रतीवर सरांनी लाल पेनने सहलीच्या लेखापाशी लिहिलं होतं: "येथे आचारीच आहे. तपासले."